खारबांध आणि तिवरांची झाडी

कोकणातील खाड्यांच्या काठी जी खारजमीन भाताखाली आहे, तिचे रक्षण एक मातीचा बांध करीत असतो. हा बांध भरतीचे खारे पाणी बाहेर अडवितो, आणि त्यात ठेवलेल्या उघाडीची दारे ओहोटीच्या वेळी बाहेरच्या बाजूस उघडून शेतातील पावसाचे पाणी खाडीत सोडतात. भरती चढू लागली म्हणजे तिच्याच दाबाने ही दारे पुन्हा मिटतात. बांधास एक खांड पडली आणि खारे पाणी आत शिरले, तर त्या वर्षाचे पीक तर जातेच, शिवाय जमिनीत मुरलेले मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढील दोनतीन हंगामांची आशाही सोडावी लागते. यास्तव बांध कशाने टिकतो व कशाने फुटतो, हा प्रश्न खारजमिनीच्या शेतकऱ्यास जिव्हाळ्याचा आहे. बांधाच्या बाहेर खाडीच्या चिखलात वाढणारी तिवर, कांदळ, चिपी इत्यादी झाडी आणि तिच्यामधील दलदल यांचा या प्रश्नाशी फार निकटचा संबंध आहे. तो कसा, हे येथे पाहावयाचे आहे.

लाटेचा जोर कसा मोडतो

बांध बहुधा वरून पाणी जाऊन एकाएकी फुटत नाही. त्याआधी तो पायथ्याशी पोखरला गेलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी बांधाच्या कमरेपर्यंत चढते आणि त्यावर पावसाळी वाऱ्याने उठलेल्या लाटा तासचे तास आदळत राहतात. पिचिंगचा एखादा दगड सुटतो, त्यामागील माती विरघळते, खेकड्यांची बिळे मोठी होतात, आणि पुढच्या उधाणाला तेथेच खांड पडते.

बांधापुढे तिवरांचा दाट पट्टा असल्यास लाट बांधापर्यंत येण्यापूर्वीच खोडे, फांद्या आणि चिखलातून वर आलेली श्वसनमुळे यांच्यावर घासून क्षीण होते. निरनिराळ्या देशांत झालेल्या मोजण्यांवरून असे दिसून आले आहे की, शंभर मीटर रुंदीच्या झाडीतून जाताना लाटेची उंची शेकडा 13 पासून 66 पर्यंत कमी होते. हा फरक झाडीचा दाटपणा, पाण्याची खोली आणि झाडांची जात यांवर अवलंबून असतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे उंची निम्मी झाली तर शक्ती निम्मी न होता चतुर्थांश होते. समजा, झाडीच्या बाहेरील कडेस लाट 60 सेंटिमीटर उंच आहे आणि पट्टा ओलांडताना तिची उंची शेकडा 40 ने घटली. बांधाशी ती 36 सेंटिमीटर उंच राहील. परंतु तिचा जोर मूळ जोराच्या साधारण एकतृतीयांशच उरेल. तोच बांध, तीच माती, तेच दगड. परंतु झाडीमागे असलेल्या बांधाची झीज पुष्कळच कमी का होते, याचे कारण हे आहे.

तथापि झाडीची मर्यादाही ओळखावयास हवी. वाऱ्याने उठणारी लाट वेगळी आणि चक्रीवादळाबरोबर समुद्राची पातळीच काही तास वर चढते ती वेगळी. पहिली शंभर मीटरांत मोडते; दुसरी मात्र झाडीच्या दर एक किलोमीटर रुंदीमागे केवळ 5 ते 50 सेंटिमीटर उतरते. यावरून, अरुंद पट्टा दररोजच्या लाटांपासून बांधाचे रक्षण करील, परंतु वादळाचे चढलेले पाणी अडविण्यास तो पुरा पडणार नाही, हे उघड आहे.

रुंद झाडी अशा प्रसंगी काय करू शकते, याचा दाखला पूर्व किनाऱ्यावर मिळतो. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओरिसाच्या किनाऱ्यावर आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्यानंतर सौदामिनी दास व जेफ्री व्हिन्सेंट या संशोधकांनी केंद्रपाडा जिल्ह्यातील 409 गावांची तुलना केली. ज्या गावांच्या आणि समुद्राच्या मध्ये खारफुटीचे रुंद जंगल राहिले होते, तेथे मृत्यू कमी झाले, असा निष्कर्ष त्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केला. त्याचबरोबर सरकारने आगाऊ दिलेल्या इशाऱ्यामुळे वाचलेली माणसे झाडीमुळे वाचलेल्या माणसांहून अधिक होती, हेही त्यांनी नमूद केले आहे. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आले, तेव्हा असे प्रसंग आपल्या किनाऱ्यासही चुकलेले नाहीत. वादळाचा इशारा मिळताच सुरक्षित जागी जाणे यास झाडी हा पर्याय नव्हे.

खाडी खोल कशी राहते

झाडीचा दुसरा उपयोग याहून कमी दिसणारा, परंतु शेतातील पाण्याच्या निचऱ्याच्या दृष्टीने तितकाच मोलाचा आहे. भरतीचे पाणी खाडीच्या पात्रातून वर येते आणि दोन्ही बाजूंच्या दलदलीत पसरते. ओहोटीस ते सर्व पुन्हा पात्रातूनच परत जाते. समजा, एका खाडीच्या काठी शंभर हेक्टर दलदल आहे आणि भरतीस तिच्यावर सरासरी अर्धा मीटर पाणी चढते. म्हणजे प्रत्येक भरतीस पाच लाख घनमीटर पाणी आत येते व बाहेर जाते, आणि हे दिवसातून दोनदा घडते. हे परतीचे पाणी पात्रातील गाळ ढवळून समुद्राकडे ओढून नेते. एवढे काम यंत्राने करावयाचे म्हटले, तर त्याचा खर्च कोणत्याही गावास झेपणार नाही.

ही दलदल भराव घालून बुजविली, तर जाणारे-येणारे पाणी तेवढे कमी होते, ओहोटीचा वेग मंदावतो आणि पात्र वर्षानुवर्षे उथळ होत जाते. पात्राचा तळ उघाडीच्या उंबऱ्याबरोबर आला की ओहोटीतही दारे पुरती उघडत नाहीत, आणि पावसाचे गोडे पाणी शेतातच साचून भात कुजते. खारे पाणी आत आलेले नसतानाही पीक बुडाले, तर दोष पुष्कळदा उघाडीचा नसून तिच्यापुढील भरलेल्या खाडीचा असतो. जुन्या खारबांधांनीही खाडीचे पसरण्याचे क्षेत्र काही अंशी घटविलेच आहे. म्हणूनच बाहेर उरलेली दलदल आणखी बुजू न देणे अगत्याचे आहे.

मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीच्या मुखाजवळील दलदलीत पूर्वीपासून मोठे भराव झाले होते आणि पात्र आकुंचित झाले होते. त्यात भरतीची वेळ आली आणि पाणी वस्तीत चढले. एवढा पाऊस कोणतीही दलदल पोटात घेऊ शकली नसती, कारण भरतीच्या वेळी ती स्वतःच भरलेली असते. परंतु रुंद मुख आणि खोल पात्र असते, तर ओहोटी लागल्यावर पाणी लवकर उतरले असते. दलदलीचा खरा उपयोग पाणी साठविण्यापेक्षा ते वाहून जाण्याची वाट मोकळी ठेवण्यात अधिक आहे.

पाणी कसे गाळले जाते

डोंगरउतारावरून येणाऱ्या पाण्यात माती, शेतातील खताचा अंश आणि गावाचे सांडपाणी असते. हे पाणी झाडीत शिरले की मुळांमुळे त्याचा वेग कमी होतो. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून जड होतात आणि तळाशी बसतात. मातीला चिकटलेला स्फुरदही त्याबरोबर चिखलात राहतो. नत्राची गोष्ट निराळी आहे. पृष्ठभागाखाली काही मिलिमीटरांवरच तिवराच्या चिखलात प्राणवायू संपतो. तेथील जिवाणू पाण्यातील नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्र वायुरूपाने हवेत परत जातो. झाडे स्वतः घेतात ते नत्र पालापाचोळ्यावाटे बरेचसे पुन्हा चिखलातच येते. कायमचे निघून जाते ते मुख्यतः जिवाणूंच्या मार्फत.

या गाळणीसही अंत आहे. कारखान्याच्या पाण्यातील शिसे, पारा यांसारखे धातू नाहीसे होत नाहीत. ते चिखलात साठतात आणि तेथील शिंपल्या व खेकडे यांच्यावाटे माणसाच्या पानात येऊ शकतात. प्लास्टिकच्या कचऱ्याने किंवा एकदम पडलेल्या गाळाने श्वसनमुळे झाकली गेली, तर तिवर गुदमरते. झाडांचे शेंडे वाळू लागले आणि मुळांची टोके चिखलाबाहेर दिसेनाशी झाली, म्हणजे गाळणी बिघडली असे समजावे.

तिवर कोठे उगवले ते पाहावे

बांधाबाहेरील तिवर हे बांधाचे रक्षक होय. परंतु बांधाच्या आत, भाताच्या खाचरात तिवराची रोपे दिसू लागली, तर तो धोक्याचा इशारा समजावा. तिवराचे बीज पाण्याबरोबर वाहत येते. ते आत रुजले याचा अर्थ खारे पाणी बांधातून, बिळांतून किंवा न मिटणाऱ्या दारातून नियमाने आत येत आहे. रायगड जिल्ह्यात अनेक ठिकाणी खांडी वेळेवर न बुजविल्यामुळे शेतजमिनीवर झाडी वाढली आहे, आणि मालकांपुढे मोठा पेच उभा राहिला आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 मधील आणि 2018 मधील आदेशांनुसार राज्यात खारफुटी तोडण्यास मनाई असून तिच्याभोवती 50 मीटरांचा पट्टा राखावयाचा आहे. सबब खांड पहिल्याच ओहोटीत बुजविणे यातच शेतकऱ्याचे हित आहे. झाडी वाढल्यावर ती आपण होऊन तोडू नये.

बांधाबाहेर नवी लागवड करावयाची झाल्यास प्रथम वनखात्याचा सल्ला घ्यावा. तिवराचे बी पावसाळ्यात गळते, ते गोळा करून पिशव्यांत रोपे करता येतात. कांदळाचे शेवग्याच्या शेंगेसारखे लांब बीज सरळ चिखलात रोवता येते. लागवड फसण्याचे मुख्य कारण म्हणजे जागेची चुकीची निवड. ओहोटीत केवळ थोडाच वेळ उघडी पडणारी सखल चिखलवट सोयीची वाटते, परंतु तेथे रोपे गुदमरतात किंवा कालवांसारखे कवचधारी जीव खोडास चिकटून ती वाकतात. शेजारी ज्या उंचीवर जुनी झाडी आपोआप वाढली आहे, त्याच उंचीची जागा घ्यावी. बांधाच्या पायथ्याशी दुरुस्तीपुरती वाट आणि उघाडीपुढील नळ मोकळा ठेवावा. बांधाच्या भरावासाठी बाहेरील पायथ्याची माती कधीही खणू नये. त्या खड्ड्यातच पाणी खोल होते आणि झाडीने मोडलेली लाट तेथे पुन्हा उभी राहते.