तुक्का केव्हा मारायचा?

कॅटच्या परीक्षेत गणिताचा विभाग संपायला दोन-तीन मिनिटं उरली आहेत आणि पाच-सहा प्रश्नांना अजून हात लागलेला नाही. चाळीस मिनिटं संपली की विभाग आपोआप बंद होणार, मागे वळून येता येणार नाही. उरलेल्या प्रश्नांवर अंदाजाने टिक करायची की ते कोरे सोडायचे? क्लासमध्ये एक सर सांगतात, “निगेटिव्ह मार्किंग आहे, तुक्का मारायचाच नाही.” सीनियर मुलं सांगतात, “मारून टाक, लागला तर लागला.” दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे. खरं उत्तर शाळेतल्या अपूर्णांकांच्या गणिताने मिळतं आणि ते परीक्षेच्या आधी काढून ठेवायचं असतं.

कॅटमध्ये बहुपर्यायी प्रश्नाचं उत्तर बरोबर आलं तर 3 गुण मिळतात, चुकलं तर 1 गुण जातो, कोरं सोडलं तर शून्य. पर्याय चार असतात. समजा, प्रश्न वाचलाच नाही आणि डोळे मिटून एक पर्याय निवडला. असे चार प्रश्न केले तर सरासरी एक बरोबर येईल आणि तीन चुकतील. मिळाले 3, गेले 3. म्हणजे आंधळ्या तुक्क्याची सरासरी किंमत शून्य. त्यात नुकसान नाही, तसा फायदाही नाही. दंड किती ठेवायचा हे ठरवतानाच हा हिशेब बसवलेला दिसतो. ज्याला काहीच येत नाही त्याच्या पदरात सरासरीने काहीच पडू नये, अशी ती रचना आहे.

आता एक पर्याय नक्की चुकीचा आहे एवढं कळलं, तर उरलेल्या तिनांतून निवड होते. असे तीन प्रश्न केले की सरासरी एक बरोबर, दोन चूक. मिळाले 3, गेले 2. दर प्रश्नामागे गुणाचा एक तृतीयांश हाती लागतो. दोन पर्याय कटले तर दोन प्रश्नांत एक बरोबर, एक चूक, म्हणजे एकूण 2 गुण आणि दर प्रश्नामागे पूर्ण 1 गुण. जिथे शेकडो मुलं एकेका गुणाच्या आसपास दाटीने उभी असतात, तिथे असा प्रश्न कोरा सोडणं मला पटत नाही.

पर्याय कटतात कसे, हे एका सोप्या प्रश्नावर पाहू. एका वर्गात मुली आणि मुलांचं प्रमाण 3:4 आहे. चार मुली वर्ग सोडून गेल्या आणि प्रमाण 5:7 झालं. सुरुवातीला वर्गात एकूण किती विद्यार्थी होते? पर्याय आहेत 189, 196, 200 आणि 208. समीकरण मांडायला वेळ नाही असं धरू. प्रमाण 3:4 आहे म्हणजे एकूण संख्येला 7 ने भाग जायलाच हवा. 200 ला जात नाही, 208 ला जात नाही. काही सेकंदांत दोन पर्याय गेले आणि प्रश्नाची किंमत शून्यावरून 1 गुणावर आली. इथे टिक करून पुढे जाता येईल. पण हाताशी वीस सेकंद असतील तर उरलेल्या दोनांपैकी एक तपासून पाहावा. 196 घेतले तर मुली 84, मुलं 112. चार मुली गेल्यावर 80 आणि 112, म्हणजेच 5:7. आता तो तुक्का राहिलाच नाही.

या उदाहरणात पर्याय कटला तो भागाकाराच्या नियमाने, त्यामुळे त्यात शंकेला जागा नाही. उताऱ्यावरच्या प्रश्नांत मात्र असं होत नाही. तिथे पर्याय कटतो तो “हा बरोबर वाटत नाही” म्हणून, आणि प्रश्न काढणाऱ्यांनी चुकीचे पर्याय मुद्दामच बरोबर वाटतील असे घडवलेले असतात. समजा, तुम्ही दोन पर्याय काढून टाकलेत, पण अशा दर दहा वेळांत चार वेळा बरोबर उत्तरच काढून टाकलेल्या दोनांत होतं. मग उरलेल्या दोनांत उत्तर असण्याची शक्यता दहात सहा आणि त्यातून नेमकं तेच निवडण्याची शक्यता दहात तीन. दहा प्रश्नांत 9 गुण मिळाले, 7 गेले. दर प्रश्नामागे 1 गुण मिळेल असं वाटत होतं, प्रत्यक्षात मिळाला 0.2. काढून टाकण्यात दहात पाच वेळा चूक होत असेल, तर इतका विचार करूनही तुम्ही डोळे मिटून टिक करणाऱ्याच्याच रांगेत येता. फरक एवढाच की त्याची दोन मिनिटं वाचली.

म्हणून ‘फिफ्टी-फिफ्टी’ वाटणं आणि असणं यांतलं अंतर मोजावं लागतं. त्याची जागा मॉक टेस्ट. मॉक देताना कच्च्या कागदावर प्रश्नक्रमांकापुढे एक खूण करायची: खात्रीचं उत्तर, दोनांतून निवडलेलं, तिनांतून निवडलेलं. निकाल आल्यावर प्रत्येक गटात किती बरोबर आले ते विभागवार मोजायचं. दहा-बारा प्रश्नांवरून काही ठरवू नये, दोन-तीन डझन नोंदी जमू द्याव्यात. आकडा चारात एकापेक्षा ठळकपणे वर असेल तर त्या विभागात त्या प्रकारचा तुक्का मारावा. त्याच्या जवळपास घुटमळत असेल तर सोडून द्यावा. एकाच मुलीचे गणितातले तुक्के फायद्याचे आणि उताऱ्यावरचे बिनकामाचे, असं सर्रास दिसू शकतं. दोन्हीकडे एकच नियम लावणं हीच चूक.

सरासरी शून्य म्हणजे निकाल शून्य, असं मात्र नव्हे. डोळे मिटून बारा प्रश्न केले तर गुण घटण्याची शक्यता सुमारे 39 टक्के, वाढण्याची 35 टक्के, आणि जैसे थे राहण्याची 26 टक्के. चार-आठ गुण इकडेतिकडे होणं अगदी शक्य आहे. ज्याचा पेपर चांगला गेला आहे आणि विभागाचा कटऑफ पार होईल असं दिसतंय, त्याने हा धोका कशाला घ्यावा? पण जो कटऑफच्या खाली असल्याचं स्पष्ट जाणवतंय, त्याच्या लेखी कोरा प्रश्न म्हणजे ठरलेलं अपयश. त्याने चढउतार ओढवून घेणं शहाणपणाचं ठरू शकतं.

पेपर बदलला की हिशेब बदलतो. कॅटमध्येच जिथे उत्तर स्वतः टाइप करायचं असतं, तिथे चुकीला दंड नाही, त्यामुळे मनात आलेली संख्या लिहायला हरकत नाही. एक्सॅटमध्ये पर्याय पाच असतात आणि चुकीला पाव गुण जातो, म्हणजे आंधळा तुक्का तिथेही शून्यावरच येतो. पण गेली काही वर्षं तिथे आठपेक्षा जास्त प्रश्न कोरे सोडले तर पुढच्या प्रत्येक कोऱ्या प्रश्नामागे 0.10 गुण कापतात. त्यामुळे नवव्या प्रश्नापासून कोरं सोडणंच महाग पडतं. राज्याच्या एमबीए सीईटीत तर चुकीला गुण कापतच नाहीत. तिथे शेवटची दोन मिनिटं नवा प्रश्न सोडवण्यात घालवू नयेत, राहिलेल्या प्रत्येक प्रश्नावर काही ना काही टिक करण्यासाठी राखून ठेवावीत.