प्लेटलेट्स वाढल्या आहेत, पण कशामुळे?

डेंग्यूमुळे घराघरांत प्लेटलेट्सची ओळख झाली, ती त्या कमी होतात म्हणून. त्यामुळे सीबीसीच्या रिपोर्टमध्ये ७,८०,००० हा आकडा ठळक अक्षरांत छापून आला की माणूस गोंधळतो. साधारणपणे रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये दीड ते साडेचार लाख प्लेटलेट्स असतात. त्याहून जास्त झाल्या की दोन शक्यता उरतात. एकतर शरीरात दुसरे काहीतरी चालू आहे आणि अस्थिमज्जा, म्हणजे बोन मॅरो, त्याला प्रतिसाद देते आहे. याला रिअ‍ॅक्टिव्ह थ्रॉम्बोसायटोसिस म्हणतात. नाहीतर बिघाड मज्जेतल्या मूळ पेशीतच आहे आणि ती कोणाच्या सांगण्याविना प्लेटलेट्स तयार करत सुटली आहे. हा इसेन्शियल प्रकार. पहिला प्रकार कितीतरी जास्त आढळतो. दुसरा क्वचित दिसतो, पण तो वर्षानुवर्षे सोबत राहतो आणि रक्ताच्या गुठळ्या करू शकतो. आकडा दोन्हींत सारखाच असू शकतो, म्हणून नुसत्या आकड्यावरून निदान करता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. ४४ वर्षांची बाई. आठवडाभर ताप, खोकला, छातीच्या एक्स-रेत न्यूमोनिया. हिमोग्लोबिन ९.१, तांबड्या पेशींचा सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, ६८ (८० च्या वर हवा), प्लेटलेट्स ७.८ लाख. सीआरपी ९६, निरोगी माणसात तो एक आकडीच असतो. शरीरातला लोहाचा साठा सांगणारे फेरिटिन ६२, आणि लॅबने त्यापुढे ‘नॉर्मल’ असे लिहिलेले.

आधी संसर्गाचे पाहू. जंतूंशी झुंज सुरू झाली की पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ नावाचे रसायन सोडतात. ते यकृताला थ्रॉम्बोपोएटिन जास्त बनवायला लावते आणि हे संप्रेरक मज्जेतल्या मेगाकॅरिओसाइट या मोठ्या पेशींकडून जास्त प्लेटलेट्स तयार करून घेते. या सगळ्याला वेळ लागतो. म्हणून बऱ्याचदा प्लेटलेट्स चढतात त्या ताप उतरू लागल्यावर, दुसऱ्या आठवड्यात. पेशंटला बरे वाटतेय आणि आकडा मात्र वाढलाय, हे पाहून घरचे घाबरतात. यात घाबरण्यासारखे नसते. सीआरपी झपाट्याने खाली येतोय का, तेवढे पाहायचे. तो अडून राहिला, ताप परत आला, तर छातीत पू साठला आहे का, क्षयरोग आहे का, हे शोधायला हवे. आपल्याकडे महिनोन्‌महिने वाढलेल्या प्लेटलेट्समागे क्षय निघतो, हे विसरून चालत नाही.

आता ते ‘नॉर्मल’ फेरिटिन. इथे खूप जण फसतात. फेरिटिन लोहाचा साठा दाखवते खरे, पण कोणत्याही दाहात ते आपोआपही वाढते. लोह संपत आलेल्या बाईला न्यूमोनिया झाला की तिचे ७-८ असायला हवे ते फेरिटिन ६० दिसू शकते. म्हणून दाह चालू असताना १०० च्या आतले फेरिटिनही लोहाची कमतरता नाकारायला पुरेसे नसते. एमसीव्ही ६८ आहे, म्हणजे तांबड्या पेशी बारीक झाल्यात. आठवड्याभराच्या न्यूमोनियाने असे होत नाही. या बाईला विचारले, तेव्हा पाळीत अंगावरून खूप जाते आणि हे दोन वर्षे चालले आहे, असे कळले. एवढ्यावरून डॉक्टरांनी लोहाच्या कमतरतेचा संशय धरून ठेवायला हवा.

लोह कमी झाल्यावर प्लेटलेट्स का वाढाव्यात? मज्जेत एकाच पूर्वज पेशीतून तांबड्या पेशींची रांग निघते आणि मेगाकॅरिओसाइटचीही. लोह अपुरे पडले की ही पूर्वज पेशी मेगाकॅरिओसाइटच्या बाजूला जास्त झुकते. त्यासाठी थ्रॉम्बोपोएटिन वाढावेच लागते असे नाही. संसर्गापेक्षा ही वाट वेगळी आहे. यात एक तांत्रिक गफलतही होऊ शकते. काही यंत्रे पेशी आकारावरून मोजतात, त्यामुळे फार बारीक तांबड्या पेशी किंवा त्यांचे तुकडे प्लेटलेट्समध्ये धरले जातात. पॅथॉलॉजिस्टने काचपट्टीवर स्मिअर पाहिला की हे लगेच उघड होते. मला विचाराल तर वाढलेल्या प्लेटलेट्सच्या प्रत्येक रिपोर्टसोबत स्मिअर पाहिलेला असावा.

म्हणजे या बाईत दोन कारणे एकावर एक बसली आहेत. ती एकेक करून बाजूला काढायची. न्यूमोनियाचे औषध पूर्ण झाले आणि सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली: सीआरपी ४, प्लेटलेट्स ५.६ लाख, फेरिटिन ७. संसर्गाचा वाटा गेला आणि झाकलेली लोहाची कमतरता उघडी पडली. मग लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.९, प्लेटलेट्स ३.४ लाख. इथे जीन्सची तपासणी नको, मज्जेची सुई नको आणि नुसत्या आकड्यासाठी अ‍ॅस्पिरिनही नको. उरते काम एवढेच की लोह कुठून गेले ते शोधायचे. या बाईत सोनोग्राफीने गर्भाशयातली गाठ दाखवली. पाळी थांबलेली बाई किंवा साठीचा पुरुष असता, तर गोळ्या देऊन थांबणे धोक्याचे ठरले असते, कारण तिथे पोटातला किंवा मोठ्या आतड्यातला रक्तस्राव, कधी कॅन्सरही, मागे असतो. आणि कॅन्सर स्वतःच प्लेटलेट्स वाढवतो.

आता हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने पाहू. लोह भरले, सीआरपी ४ वर आहे, तरी प्लेटलेट्स ६.९ लाखांवरच. घरातली फाईल काढली, तर तीन वर्षांपूर्वीच्या रिपोर्टमध्येही ६.२ लाख. जुना सीबीसी इथे महागड्या तपासणीइतका कामाचा असतो, कारण संसर्गाची वाढ तीन वर्षे टिकत नाही. हातापायांची बोटे लाल होऊन जळजळणे, क्षणभर नजर अंधूक होणे, पोटात प्लीहा हाताला लागणे, यांतले काही असेल तर संशय आणखी वाढतो. पण लक्षण एकही नसणेही अगदी शक्य आहे.

अशा वेळी रक्तातून जीन्स तपासतात. २००५ मध्ये सापडलेला जॅक-२ जीनमधला बदल इसेन्शियल प्रकारातल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत मिळतो. २०१३ मध्ये कॅल-आर सापडला. तो साधारण चार-पाचांतल्या एकात असतो. एमपीएल मोजक्यांत मिळतो. दहातल्या साधारण एकात यांतले काहीच मिळत नाही, म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे आजार नाही असे नव्हे. उलट जॅक-२ पॉझिटिव्ह आला तरी तो इसेन्शियल आहे की त्याच कुळातला दुसरा आजार, हे त्यावरून कळत नाही. शिवाय क्रॉनिक मायलॉइड ल्यूकेमिया वगळण्यासाठी बीसीआर-एबीएल पाहावे लागते, कारण त्याचे औषध पूर्ण वेगळे. शेवटी मज्जेचा तुकडा घेऊन मेगाकॅरिओसाइट कशा दिसतात ते पाहावेच लागते. इसेन्शियलमध्ये त्या मोठ्या, भरदार असतात.

लोह इथे आणखी एक चकवा देते. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात तांबड्या पेशीही वाढतात, पण लोह संपले असेल तर हिमोग्लोबिन चढू शकत नाही आणि सगळे चित्र फक्त प्लेटलेट्स वाढल्यासारखे दिसते. लोह द्यावे आणि हिमोग्लोबिन १२ वर न थांबता १६ च्या पुढे जावे, तेव्हा तो उघडा पडतो. म्हणून गोळ्या सुरू केल्यावर महिन्या-दोन महिन्यांनी सीबीसी करायचा तो केवळ ‘फरक पडला का’ हे बघण्यासाठी नसतो.

इसेन्शियल ठरले तरी उपचार आकड्यावरून ठरत नाहीत. वय ६० च्या वर आहे का, आधी कधी गुठळी झाली आहे का, जॅक-२ आहे का, यांवरून ठरतात. बऱ्याच जणांना कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन पुरते. धोका जास्त असेल तर हायड्रॉक्सीयूरिया देतात. आणि प्लेटलेट्स दहा लाखांच्या पुढे गेल्या की उलटेच घडू शकते: रक्त थांबवणारे व्हॉन विलेब्रँड प्रथिन त्या शोषून घेतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येते, आणि अशा वेळी त्या प्रथिनाची तपासणी न करता अ‍ॅस्पिरिन दिले तर रक्तस्राव वाढतो. शेजाऱ्याने सांगितले म्हणून किंवा केमिस्टकडून आणून ते स्वतःहून सुरू करू नये.