न घेतलेल्या गॅसचे बिल

२०१५ साली पेट्रोनेट एलएनजी ही भारतीय कंपनी मोठ्या पेचात सापडली होती. कतारच्या रासगॅस कंपनीकडून दरवर्षी ७५ लाख टन द्रवरूप नैसर्गिक वायू घेण्याचा पंचवीस वर्षांचा करार तिने १९९९ मध्ये केला होता. करारातला भाव खनिज तेलाच्या गेल्या साठ महिन्यांच्या सरासरीला बांधलेला होता. २०१४ च्या उत्तरार्धात तेल कोसळले, पण सरासरीत जुने महागडे महिने अजून शिल्लक असल्यामुळे कराराचा भाव हलेना. खुल्या बाजारात सहा-सात डॉलरला मिळणारा वायू कतारकडून बारा-तेरा डॉलरला घ्यावा लागत होता. पेट्रोनेटने त्या वर्षी ठरलेल्या वायूपैकी जेमतेम ६८ टक्के उचलला. न उचललेल्या वायूपोटी सुमारे १२,००० कोटी रुपयांचा बोजा समोर उभा राहिला.

ज्या अटीमुळे हा बोजा आला तिला व्यापारात ‘टेक ऑर पे’ म्हणतात. माल घ्या, नाही घेतलात तरी पैसे भरा. वरवर ही शुद्ध अडवणूक वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. वायू द्रवरूप करण्याचा प्रकल्प, विशेष जहाजे आणि दहेजसारखे बंदरातले टर्मिनल उभारायला हजारो कोटी लागतात. वीस वर्षे कोणीतरी नक्की पैसे देणार आहे, असा कागद हातात असल्याशिवाय बँका त्यासाठी कर्ज देत नाहीत. भाव वरखाली होण्याचा धोका विक्रेता बराचसा स्वतःकडे ठेवतो आणि माल खपेल की नाही हा धोका खरेदीदाराच्या खांद्यावर टाकतो. मग मोठा खरेदीदार तीच अट आपल्या गिऱ्हाइकांच्या करारात उतरवतो. अशी ती पायरी पायरीने खाली येत एमआयडीसीतल्या भट्टीपर्यंत पोचते.

त्या भट्टीचा हिशेब करून पाहू. समजा, एका कारखान्याने रोज १०,००० घनमीटर वायू घेण्याचा करार केला आहे. वर्षाचे झाले ३६.५ लाख घनमीटर. किमान खरेदी ८० टक्के, म्हणजे २९.२ लाख. मागणी घटली आणि वर्षभरात २२ लाखच वापरला गेला. भाव ४० रुपये धरला, तर ७.२ लाख घनमीटरच्या तुटीचे बिल २ कोटी ८८ लाख रुपये होते.

कारखानदाराने हे बिल पाहून लगेच चेक फाडू नये. आधी वजावटी पाहाव्यात. बहुतेक करारांत पुरवठादाराने वायू दिला नाही ते दिवस आणि आगाऊ कळवलेले दुरुस्तीचे बंद दिवस वार्षिक प्रमाणातून वगळायचे असतात. समजा, पुरवठादाराकडून १५ दिवस वायू आला नाही आणि भट्टी दुरुस्तीसाठी २० दिवस बंद होती. ३५ दिवसांचे ३.५ लाख वजा जाता वार्षिक प्रमाण ३३ लाख उरते आणि किमान खरेदी २६.४ लाख होते. तूट ४.४ लाखांवर येते आणि बिल १ कोटी ७६ लाखांवर. एक कोटीहून जास्त रक्कम केवळ नोंदींवर अवलंबून असते. पुरवठा खंडित झाल्याचे त्याच दिवशी लेखी कळवलेले नसेल, मीटरच्या नोंदी जपलेल्या नसतील, तर वर्षअखेरीस ही वजावट सिद्ध करणे कठीण जाते.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे ‘मेक-अप’. चांगल्या करारात पैसे भरलेला पण न घेतलेला वायू पुढे काही वर्षे घेता येतो. पुढच्या वर्षी याच कारखान्याने ३२ लाख घनमीटर वापरला, तर २९.२ लाखांच्या वरचा २.८ लाख घनमीटर वायू आधी भरलेल्या पैशांतून वळता होतो. ही सोय असेल, तर टेक ऑर पे म्हणजे बव्हंशी आगाऊ भरलेली रक्कम. ती नसेल, तर पैसे गेले ते गेलेच. कोर्टात अटीकडे पाहण्याची नजरही या एका फरकाने बदलू शकते.

आता मूळ प्रश्न. तुटीचे पूर्ण पैसे कोर्ट वसूल करून देईल का?

भारतीय करार कायद्याचे कलम ७४ असे सांगते की, करार मोडल्यास द्यायची रक्कम करारात लिहिलेली असली, तरी ती रक्कम ही केवळ कमाल मर्यादा आहे. मिळते ती वाजवी भरपाई. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात हे स्पष्ट केले. १९८२ च्या लिलावात कंपनीने भूखंडासाठी ३ कोटी १२ लाखांची बोली लावून चौथा हिस्सा, ७८ लाख रुपये, भरला होता. उरलेली रक्कम वेळेत आली नाही म्हणून प्राधिकरणाने ते ७८ लाख जप्त केले. पुढे तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला गेला. प्राधिकरणाचे नुकसान झालेच नव्हते, म्हणून जप्तीही टिकली नाही आणि पैसे परत करण्याचा आदेश झाला. जिथे नुकसान सिद्ध करता येते तिथे ते सिद्ध करावे लागते. ते मोजणे अवघड किंवा अशक्य असेल आणि करारातली रक्कम प्रामाणिक पूर्वअंदाज असेल, तर ती रक्कम मान्य होऊ शकते.

हा नियम आपल्या भट्टीला लावून पाहा. पुरवठादाराने न घेतलेला ४.४ लाख घनमीटर वायू दुसऱ्या गिऱ्हाइकाला ३५ रुपयांनी विकला असेल, तर त्याचे नुकसान घनमीटरमागे पाच रुपये, एकूण २२ लाख. मागणी मात्र १ कोटी ७६ लाखांची. कलम ७४ लागू झाले, तर या दोन आकड्यांमधला फरक कारखानदाराच्या बाजूने मोठा मुद्दा ठरतो.

पण ते लागू होण्यासाठी करार मोडलेला असावा लागतो, आणि निष्णात वकिलांनी लिहिलेली अट नेमकी तिथेच बचाव करते. खरेदीदाराला दोन मार्ग आहेत, माल घ्यावा किंवा ठरलेली रक्कम द्यावी, असे ती म्हणते. माल न घेणे हा करारभंगच ठरत नाही. मग रक्कम भरपाई न राहता किंमत होते, म्हणजे सरळ देणे. विक्रेता म्हणतो, ‘मी वर्षभर पाइपलाइन तुमच्यासाठी राखून ठेवली, त्याचे हे पैसे.’ इंग्लंडमध्ये एम अँड जे पॉलिमर्स विरुद्ध इमेरिस या २००८ च्या खटल्यात कोर्टाने म्हटले की, अशा अटीला दंडविरोधी नियम तत्त्वतः लावता येऊ शकतो. तरी त्या प्रकरणातली अट दोन जाणत्या व्यापाऱ्यांनी समजून उमजून घातली होती, त्यामुळे ती दंड ठरली नाही. मसुदा हातात आला की या अटीतले शब्द पाहावेत. किमान प्रमाण उचलण्याचे ‘बंधन’ आहे आणि ते न पाळल्यास रक्कम ‘भरपाई’ म्हणून द्यायची आहे, असे लिहिले असेल, तर कलम ७४ ला वाव राहतो. पर्याय, राखीव क्षमता, उपलब्धतेचे शुल्क असे शब्द असतील, तर तो वाव आक्रसतो.

दुसरी आशा असते ‘परिस्थिती बदलली’ या कारणाची. कलम ५६ नुसार करार पाळणे अशक्य झाले, तर तो संपतो. पण अशक्य आणि महाग यांत कोर्ट ठाम भेद करते. इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यातीचे नियम बदलल्याने टाटा आणि अदानी यांच्या मुंद्र्याच्या वीजप्रकल्पांचा खर्च भडकला होता. २०१७ मध्ये एनर्जी वॉचडॉग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, केवळ कोळसा महागल्याने करार निष्फळ होत नाही आणि ती करारातली दैवी आपत्तीही ठरत नाही. बाजारात तोच वायू निम्म्या भावात मिळतो, हे कारणही याच न्यायाने अपुरे पडते.

किमान खरेदीला बहुधा तिसरी अट जोडलेली असते, ‘फक्त आमच्याकडूनच घ्यायचे’. व्यापार रोखणारा करार रद्दबातल, असे कलम २७ सांगते, म्हणून ही अट टिकणारच नाही असा अनेकांचा समज असतो. गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या १९९५ च्या निकालाने तो खोटा ठरवला. कोका-कोलासाठी बाटल्या भरणारी ही कंपनी पेप्सीच्या गोटात गेली. मुदतीत दुसऱ्या ब्रँडचे पेय बनवायचे किंवा विकायचे नाही, अशी अट करारात होती. करार चालू असतानाचे असे बंधन साधारणपणे व्यापाराला अडसर नसून पोषक असते, असे न्यायालयाने म्हटले आणि नोटिशीच्या मुदतीतही ते पाळायला लावले. करार संपल्यानंतरच्या बंधनाकडे कोर्ट बरेच कठोरपणे पाहते.

अनन्य खरेदीची खरी मर्यादा स्पर्धा कायद्यात सापडते. विक्रेता बाजारात वर्चस्व असलेला असेल आणि त्याने एकतर्फी अटी लादल्या असतील, तर स्पर्धा आयोगाकडे जाता येते. महाराष्ट्राची सरकारी वीजनिर्मिती कंपनी महानिर्मिती कोल इंडियाविरुद्ध याच दाराने गेली. दर्जा तपासणीपासून पुरवठ्यापर्यंतच्या अटी एकतर्फी असल्याचे मान्य करून आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये १,७७३ कोटींचा दंड केला. अपिलात तो आदेश रद्द होऊन प्रकरण परत आले आणि २०१७ मध्ये दंड ५९१ कोटींवर आला. स्पर्धा कायदा कोल इंडियाला लागू होतो की नाही, एवढ्याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यायला २०२३ उजाडले. लहान कारखान्याला एवढी वाट पाहणे परवडत नाही.

पेट्रोनेटचा प्रश्न सुटला तो वाटाघाटींनी. ३१ डिसेंबर २०१५ रोजी सुधारित करारावर सह्या झाल्या. भाव साठ महिन्यांऐवजी तीन महिन्यांच्या सरासरीला जोडला गेला, २०१५ चा बोजा माफ झाला, न घेतलेला वायू पुढच्या वर्षांत घ्यायचे ठरले आणि भारताने वर्षाला आणखी १० लाख टन घेण्याचे कबूल केले. कतारला भारतासारखे गिऱ्हाईक गमवायचे नव्हते. तशी ताकद लहान खरेदीदाराकडे नसते. त्याची घासाघीस सही करण्याआधीच व्हायला हवी आणि तिचा विषय भावापेक्षा अटी असायला हवा. पुरवठा चुकला तर किमान प्रमाण आपोआप घटेल का आणि त्या दिवसांत दुसरीकडून माल घेता येईल का? न घेतलेला माल पुढे किती वर्षे घेता येईल? पुरवठादाराने तो दुसऱ्याला विकल्यास ती रक्कम आपल्या बिलातून वजा होईल का? बाजारभाव ठरावीक प्रमाणाबाहेर गेला, तर भाव पुन्हा ठरवायला बसायचे बंधन दोघांवर आहे का? ही उत्तरे करारात लिहिलेली असतील, तर कोर्टाला ती अमलात आणता येतात. लिहिलेली नसतील, तर सुटलेली वाक्ये खरेदीदाराच्या सोयीने भरून देणे हे कोर्ट आपले काम मानत नाही.