आवाजाआधी की आवाजानंतर?

पडद्यावर अक्षरं येतात, सरकतात, मोठी होतात आणि मागून निवेदक तेच शब्द बोलत असतो. याला काइनेटिक टायपोग्राफी म्हणतात. आल्फ्रेड हिचकॉकच्या १९५९ सालच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’ची सॉल बास यांनी केलेली नामावली हे तिचं गाजलेलं सुरुवातीचं उदाहरण. आता यूट्यूबवरच्या कितीतरी व्हिडिओंची सुरुवात अशाच अक्षरांनी होते. असा इंट्रो जमलाय की नाही, हे ठरवताना बहुतेक जण फॉन्ट आणि रंग बघतात. मी आधी घड्याळ बघते.

समजा, सोसायटीतल्या पाणीबचतीवर व्हिडिओ आहे आणि निवेदक म्हणतो, ‘पाणी वाचवायचं असेल, तर आधी गळती शोधा.’ साधारण चार सेकंदांचं वाक्य. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेमचा, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. यातला शेवटचा शब्द घेऊ, ‘शोधा’. एडिटर आवाजाची लहर बघतो, जिथे ती एकदम फुगते तिथे खूण करतो आणि तिथून शब्द आत सरकवायला सुरुवात करतो. इथे दोन चुका एकदम होतात.

पहिली चूक ‘श’ची. श आणि स हे घर्षणाने होणारे आवाज. लहरीत ते बारीक, केसाळ पट्टीसारखे दिसतात. फुगवटा दिसतो तो पुढच्या ‘ओ’चा. कानाला मात्र शब्द श पासूनच ऐकू येतो. तिथेच दोन-तीन फ्रेम गेल्या. दुसरी चूक हालचालीची. शब्द आठ फ्रेम सरकत येऊन स्थिरावत असेल, तर तो नीट वाचता येतो शेवटच्या फ्रेमच्या आसपास. तीन आणि आठ मिळून अकरा फ्रेम, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद. तोवर निवेदकाचं ‘शोधा’ म्हणून झालेलं असतं. म्हणून शब्द कधी निघाला हे मोजू नये, तो वाचता कधी आला हे मोजावं. इथला उपाय म्हणजे हालचाल अकरा फ्रेम आधी सुरू करणं.

थोडं मागेपुढे झालं तर चालतं का? चालतं, पण दोन्ही बाजूंना सारखं नाही. ओठ आणि आवाज यांच्या मेळाबद्दल आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची एक शिफारस आहे. तिच्यानुसार आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद आधी आला तरी खटकू लागतो. मागे राहिला तर साधारण १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. हे आकडे ओठांसाठीचे असले, तरी अक्षरांसाठीही मला ते उपयोगी पडतात. शब्द आवाजाच्या दोन-तीन फ्रेम आधी वाचता आला तर उत्तम. दोन फ्रेम मागे पडला तरी इंट्रो ढिला वाटू लागतो. मात्र अख्खं वाक्य एकदम दाखवणं वाईटच. डोळा कानापेक्षा पुढे पळतो, ‘गळती शोधा’ वाचून मोकळा होतो आणि निवेदकाचं बोलणं शिळं होतं.

मग जोर. या वाक्यात ‘पाणी’ मोठं आणि निळं करण्याचा मोह कुणालाही होतो. पण निवेदक रेटून म्हणतो ‘आधी’. डोळ्याला ‘पाणी’ महत्त्वाचं वाटतं, कानाला ‘आधी’. प्रेक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. ही गफलत पकडायला डोळे मिटून नुसता आवाज ऐकावा आणि जोराचा शब्द कागदावर लिहावा. नंतर आवाज बंद करून चित्र बघावं आणि उठून दिसलेला शब्द लिहावा. दोन्ही कागदांवर वेगळे शब्द आले, तर निवेदन पुन्हा ध्वनिमुद्रित करा किंवा मांडणी बदला. चार शब्द मोठे केले असतील, तर एकही मोठा राहत नाही.

मराठीत वाचनीयतेचं एक खास दुखणं आहे. इंग्रजीसाठी बनवलेली तयार टेम्प्लेट अक्षरं सुटी करून एकेक उडवतात. देवनागरीत त्यामुळे शिरोरेषा तुटते, वेलांटी अक्षराला सोडून जाते, जोडाक्षर फुटतं. ‘गळती’ची ‘ती’ दोन तुकड्यांत येऊन जुळेपर्यंत वाचणं थांबलेलं असतं. मराठीत अख्खा शब्द हलवावा. फार तर अक्षरगट, तोही मात्रा-वेलांटीसकट.

गतीबद्दल एकच सांगते. ‘असेल’नंतर निवेदक अर्धा सेकंद थांबतो, तिथे पडद्यानेही थांबावं. तो विराम भरायला गिरक्या घातल्या, की पुढचा ‘तर आधी’ पोचत नाही. आणि शेवटच्या ‘शोधा’वर लोगो आपटू नये, त्या शब्दाला बोलून झाल्यावरही निदान अर्धा सेकंद द्यावा.

ज्याने स्क्रिप्ट वाचली आहे त्याला अर्धवट दिसलेला शब्दही वाचता येतो, म्हणून त्याचा निकाल धरू नका. ज्याला विषयच माहीत नाही अशा माणसाला मोबाइलवर, एकदाच इंट्रो दाखवा आणि वाक्य म्हणायला सांगा. त्याने ‘आधी’ गाळलं, तर इंट्रो परत एडिटरकडे पाठवा.