सरासरी २.४ माणसांचे कुटुंब

इंग्लंड आणि वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत एका घरात सरासरी २.४ माणसे राहतात, असे आढळले. एकूण माणसे भागिले एकूण घरे, एवढाच या आकड्याचा अर्थ. माणसांची संख्या नेहमी पूर्णांकात असल्यामुळे २.४ माणसांचे घर कोठेही असू शकत नाही. हा आकडा एखाद्या घराचे वर्णन करत नाही, तो सगळ्या घरांचा मिळून असतो.

समजा, एका गल्लीत दहा घरे आहेत. तीन घरांत एकेक माणूस, तीन घरांत दोन-दोन, दोन घरांत तीन-तीन, एका घरात चार आणि एका घरात पाच. एकूण माणसे २४, म्हणजे सरासरी २.४. दुसऱ्या गल्लीतील सहा घरांत दोन-दोन आणि चार घरांत तीन-तीन माणसे आहेत. तिथलीही सरासरी २.४. मात्र पहिल्या गल्लीत तीन माणसे एकटी राहतात, दुसऱ्या गल्लीत एकही नाही. पाण्याची एकूण गरज काढायला दोन्हीकडे सरासरी पुरेशी आहे. घरे किती खोल्यांची बांधावीत किंवा एकट्या वृद्धांची विचारपूस कोणी करावी, हे ठरवायला ती पुरत नाही. त्यासाठी किती माणसांची किती घरे, हा तक्ताच पाहावा लागतो.

मोजणी घरांची की माणसांची, हेही तपासावे. पहिल्या गल्लीतील दहापैकी तीन घरे, म्हणजे ३० टक्के, एकट्या माणसांची आहेत. पण २४ रहिवाशांपैकी एकटे राहणारे तीनच, म्हणजे साडेबारा टक्के. प्रत्येक रहिवाशाला ‘तुमच्या घरात किती जण?’ असे विचारले, तर उत्तरांची सरासरी ३.१ च्या आसपास येते, कारण पाच जणांच्या घरातून ‘पाच’ हे उत्तर पाच वेळा मिळते. यात हिशेबाची चूक नाही, दोन्ही सरासऱ्या बरोबर आहेत. प्रश्न तेवढा वेगळा आहे. शाळेतल्या मुलांना घरातील माणसे विचारून गावाची सरासरी काढली, तर ती याच कारणाने फुगते. शिवाय मूल नसलेली घरे त्यात येतच नाहीत.

काळानुसार सरासरी घटली, की माणसे कमी झाली असे पटकन वाटते. सहा जणांचे एक कुटुंब चार आणि दोन अशा दोन बिऱ्हाडांत विभागले, तर माणसे तेवढीच राहतात. सरासरी मात्र सहावरून तीनवर येते.

म्हणून अशी सरासरी वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात: कशाला कशाने भागले, घरे कोणकोणत्या आकाराची आहेत, आणि हा आकडा कोणत्या निर्णयासाठी वापरायचा आहे.