आरी वर्कचा भाव कसा काढायचा?

आमच्या हिंगणीत एका विद्यार्थिनीची आई वर्ध्याच्या बुटिकसाठी ब्लाउजवर आरी वर्क करते. मागच्या वेळी तिनं अंदाजानं ६०० रुपये सांगितले आणि काम चार दिवस पुरलं. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो.

आरीच्या सुईचं टोक आकड्यासारखं असतं. ताणलेल्या कापडाखालचा धागा ती वर ओढते आणि साखळी टाका पडतो. साधी साखळी भराभर होते, पण मणी आले की हात मंदावतो. त्यामुळे नक्षी केवढी मोठी यापेक्षा एका इंचाला वेळ किती, हे आधी बघायचं.

तिनं घड्याळ लावून एक इंच केला. १२ मिनिटं लागली. गळा २० इंच, बाह्या १२-१२, एकूण ४४ इंच, म्हणजे ५२८ मिनिटं. छाप घेणं, कापड ताणणं, गाठी मारणं धरून साधारण १० तास. सामान २५० रुपयांचं. ६०० तून ते वजा केलं तर तासाला फक्त ३५ रुपये उरले! तासाला ६० धरले तर भाव ८५० होतो.

बुटिकवाली नाही म्हणाली तर? मजुरी कमी करायची नाही, नक्षी हलकी करायची. बाह्यांवर मण्यांऐवजी साधी साखळी घेतली तर इंचाला ५ मिनिटं पुरतात. २४ इंचांत १६८ मिनिटं, म्हणजे १६८ रुपये वाचतात. शेवटच्या गाठीत मात्र वेळ वाचवू नका. ती सुटली की टोक ओढताच अख्खी साखळी उसवते.