कायम झालात, पण कोणत्या तारखेपासून?

धुळ्यातील आमच्या ओळखीच्या एका ताईंच्या घरी मध्यंतरी पेढे वाटले गेले. एका स्थानिक संस्थेत वर्षानुवर्षे कंत्राटावर सफाईचे काम केल्यावर त्यांच्या हातात कायम नेमणुकीचा आदेश पडला होता. घरात आनंद होता आणि तो खराही होता. आम्ही आदेश वाचायला मागितला. दीड पानाच्या त्या कागदावर एक ओळ होती: 'सदर नेमणूक आदेशाच्या दिनांकापासून अमलात येईल व दोन वर्षांच्या परिविक्षा कालावधीसाठी राहील.' ताईंनी विचारले, "भाऊ, म्हणजे मागचं सगळं गेलं का?"

या प्रश्नाचे उत्तर आम्ही इथे देत आहोत. जळगाव आणि धुळे महापालिकांतील सफाई, एसटीचे आगार, दीपनगरचे वीज केंद्र, सरकारी दवाखाने, अशा ठिकाणी आपले अनेक बांधव-भगिनी कंत्राटी किंवा रोजंदारीवर आहेत. 'कायम करा' ही मागणी सगळ्यांच्या तोंडी असते. कायम झाल्यावर मागची सेवा धरली जाणार का, पगार कुठून सुरू होणार आणि परिविक्षा लागणार का, हे मात्र आदेश हातात आल्यावरच विचारले जाते. तोवर उशीर झालेला असतो.

सुरुवात आपल्याच एका जुन्या लढ्यापासून करू. एसटीच्या गाड्या झाडणारे-धुणारे स्वच्छक वर्षानुवर्षे तुटपुंज्या मोबदल्यावर हंगामी म्हणून राबत होते. त्यांच्यासाठी कास्ट्राइब राज्य परिवहन कर्मचारी संघटना औद्योगिक न्यायालयात गेली. आधार होता महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटनांना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याचा. या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीतील सहावी बाब सांगते की, कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूने कामगाराला वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरता ठेवणे ही अनुचित प्रथा आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ऑगस्ट २००९ मध्ये महामंडळाचे अपील फेटाळले गेले.

त्या निकालाचे महत्त्व आजही आहे. एप्रिल २००६ च्या उमादेवी निकालानंतर प्रत्येक कार्यालय 'आता कुणाला कायम करता येत नाही' एवढेच सांगू लागले होते. २००९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की, उमादेवी निकालाने उच्च न्यायालयांच्या रिट अधिकारावर मर्यादा घातली. अनुचित प्रथा सिद्ध झाल्यावर कामगाराला कायम करण्याचा औद्योगिक न्यायालयाचा अधिकार त्या निकालाने काढून घेतलेला नाही. सोबत एक अटही सांगितली: पदच अस्तित्वात नसेल तर न्यायालय नवे पद निर्माण करून देणार नाही. स्वच्छकांच्या बाबतीत पदे होती, म्हणून ते जिंकले. आपल्या खात्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, रिकामी किती, हे माहिती अधिकारात लेखी काढून ठेवा असे आम्ही सांगतो ते याच कारणाने.

ठेकेदारामार्फत लागलेल्यांची वाट थोडी वेगळी आहे. 'हा आमचा कामगारच नाही' असे मालक म्हणाला, तर अनुचित प्रथेची तक्रार थेट चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या सिप्ला प्रकरणात सांगितले की, आधी ठेका नावापुरता आहे हे न्यायाधिकरणापुढे सिद्ध करावे लागते. मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघाने तेच केले आणि सुमारे २,७०० सफाई कामगार कायम झाले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. चुकीच्या दारात गेलेला दावा पाच-सात वर्षांनी 'अधिकारक्षेत्र नाही' म्हणून परत येतो आणि तेवढ्यात माणूस निवृत्तीला टेकतो.

आता तारखेचा हिशेब पाहू. समजा, एक भगिनी नोव्हेंबर २०१५ मध्ये कामाला लागली. आठवड्याच्या पगारी सुट्ट्या धरून तिचे २४० दिवस जून २०१६ अखेर भरले. आदेश निघाला १ जुलै २०२४ रोजी. सातव्या वेतन आयोगात राज्यातील सर्वांत खालची श्रेणी एस-१ आहे आणि ती १५,००० रुपये मूळ वेतनापासून सुरू होते. आदेशात 'आजपासून' असे असेल तर तिचे मूळ वेतन १५,००० होईल. 'कायमपण १ जुलै २०१६ पासून' असे असेल, तर दर जुलैला एक वेतनवाढ धरत तिचे वेतन १५,५००, १६,०००, १६,५०० असे चढत १ जुलै २०२४ ला १९,१०० वर येते. मूळ वेतनातच ४,१०० रुपयांचा फरक पडतो. महागाई भत्ता मूळ वेतनाच्या टक्क्यांत मिळतो. तो ५० टक्के धरला तरी फरक महिन्याला ६,१५० रुपये होतो. हा फरक एकदा सोसून संपत नाही. पुढची प्रत्येक वेतनवाढ त्या खालच्या पायरीवरूनच होते.

इथे कार्यालये एक मधला मार्ग काढतात, तो नीट समजून घ्या. आदेशात 'काल्पनिक वेतननिश्चिती' हा शब्द असला, तर मागच्या वेतनवाढी धरून पगार १९,१०० वर ठरतो, पण मागील वर्षांचा फरक रोख मिळत नाही. 'प्रत्यक्ष लाभ' असे लिहिले असेल तरच थकबाकी मिळते. थकबाकीलाही मर्यादा असते: पगाराच्या अशा दाव्यांत साधारणपणे दावा दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच रक्कम मान्य होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात ठरवले आहे. आमच्या मते तडजोड करावीच लागली, तर थकबाकीवर करावी, तारखेवर करू नये. थकबाकी ही एकदाची रक्कम असते, तारीख मात्र मरेपर्यंत सोबत राहते.

निवृत्तिवेतनात तर तारखेवर सगळेच अवलंबून असते. राज्य शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ ही रेषा आहे. त्याआधी नियमित सेवेत असलेल्याला जुने निवृत्तिवेतन, त्यानंतरच्याला अंशदानावर आधारित योजना. २००१ पासून राबणाऱ्या माणसाला आदेशाने २००३ पासून कायम धरले तर तो रेषेच्या अलीकडे राहतो. तोच आदेश '२०१४ पासून' म्हणाला तर तो पलीकडे जातो, काम तेच आणि झाडू तोच असला तरी. जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी नगरपालिकेची महापालिका २००३ मध्ये झाली. त्या काळातील नगरपालिकेच्या नोंदी 'जुन्या कार्यालयाच्या' म्हणून बाजूला सारल्या जात असतील, तर हरकत घ्या. संस्थेचे रूप बदलले म्हणून कर्मचाऱ्याची सेवा तुटत नाही. एसटीतील बांधवांची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यांचे निवृत्तिवेतन भविष्य निर्वाह निधीच्या योजनेतून येते, त्यामुळे तिथे निधीची कपात कोणत्या महिन्यापासून सुरू झाली हे पाहावे लागते.

ग्रॅच्युइटीत मात्र कंत्राटी वर्षे सहजासहजी पुसता येत नाहीत. त्या कायद्याला कामगार कायम आहे की हंगामी, याच्याशी घेणेदेणे नाही. त्याला सलग सेवा हवी आणि वर्षात २४० दिवस भरले की ते वर्ष सलग धरले जाते. शेवटचे मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असतील, तर दर वर्षामागे पंधरा दिवसांचे, म्हणजे २६,००० भागिले २६ गुणिले १५, असे १५,००० रुपये होतात. वरच्या भगिनीची आठ वर्षे वगळली तर १,२०,००० रुपये बुडाले. कायम करताना काही ठिकाणी 'मागील सेवेचा कोणताही हक्क सांगणार नाही' असे हमीपत्र लिहून घेतात. सही केली असली तरी घाबरू नका. ग्रॅच्युइटीचा हक्क असा लिहून सोडता येत नाही. पगार आणि ज्येष्ठतेच्या दाव्यात मात्र तेच हमीपत्र पुढे अडचण करते. म्हणून सही करावीच लागली तर शेजारी 'हक्क अबाधित ठेवून' असे लिहा आणि प्रत घ्या.

आता परिविक्षा. न्यायालयाने जुन्या तारखेपासून कायम घोषित केले असेल, तर नवी परिविक्षा लावण्यात काही अर्थ उरत नाही. आठ वर्षे ज्याचे काम पाहिले, त्याची आणखी कसली पारख करायची? पण आदेशाची भाषा 'समावेशन' किंवा 'नवीन नियुक्ती' अशी असेल, तर परिविक्षा येते. त्या काळात दोष न ठेवता सेवा संपवणे मालकाला सोपे जाते. तरीही गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढायचे असेल, तर चौकशी करावीच लागते. परिविक्षा संपली म्हणजे माणूस आपोआप स्थायी झाला असेही नाही, त्यासाठी स्थायित्वाचा आदेश लागतो. अपवाद एवढाच की, नियमातच परिविक्षेची कमाल मुदत दिली असेल आणि ती उलटूनही कामावर ठेवले असेल, तर तो स्थायी झाला असे धरले जाते. हे १९६८ च्या पंजाबमधील धरम सिंग प्रकरणात ठरले.

योगायोग असा की, ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ज्याच्या प्रकरणात कायम करण्याचा नमुनेदार आदेश दिला, त्याचेही नाव धरम सिंगच. हे उत्तर प्रदेशातील उच्च शिक्षण सेवा आयोगाचे रोजंदार. न्यायालय नुसते 'कायम करा' म्हणून थांबले नाही. २४ एप्रिल २००२ ही तारीख दिली, पदे नसतील तर अधिसंख्य पदे निर्माण करायला सांगितले, नियमित श्रेणीच्या किमान वेतनाखाली पगार जाणार नाही आणि शेवटचा पगार जास्त असेल तर तो राखला जाईल असे लिहिले, पुढच्या वेतनवाढी दिल्या, थकबाकी दिली आणि ज्येष्ठताही त्याच तारखेपासून मोजायला सांगितली. आपल्या वकिलाला मागणीचा मसुदा लिहिताना हा आदेश समोर ठेवायला सांगा. जे मागितलेच नाही ते न्यायालय सहसा देत नाही.

पुराव्याचे म्हणाल तर ठेकेदार दर दोन वर्षांनी बदलतो आणि हजेरीपट सोबत घेऊन जातो. उरते ते भविष्य निर्वाह निधीचे पासबुक. त्यात महिन्यागणिक कोणत्या आस्थापनेने पैसे भरले ते दिसते. ठेकेदारांची नावे बदलली पण महिने सलग असले, तर काम एकच होते हे सांगायला तो चांगला आधार असतो. सहा महिन्यांनी मुद्दाम दोन-तीन दिवसांचा खंड दाखवला असेल, तर त्या दिवसांची ओळखपत्रे, गाडीचा लॉगशीट, मुकादमाची सही असलेला कागद, जे मिळेल ते जपा. कृत्रिम खंड हाच अनुचित प्रथेचा पुरावा ठरतो.

धुळ्याच्या ताईंचा आदेश न्यायालयाचा नव्हता, कार्यालयाचा होता. त्यामुळे त्यांनी तीन मुद्द्यांचा लेखी अर्ज दिला आहे: पहिल्या नेमणुकीपासूनची सेवा धरावी, वेतननिश्चिती त्यानुसार करावी आणि परिविक्षेची अट काढावी. अर्जाची पोच घेतली आहे. अनुचित प्रथेची तक्रार घटनेपासून नव्वद दिवसांत दाखल करायची असते. आदेशाची तारीख धरून त्यांनी कॅलेंडरवर तो दिवस लाल पेनाने गोल केला आहे.